बांध सरकलाय असं वाटतंय? हद्द कायम मोजणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हद्द कायम मोजणी म्हणजे जुन्या सरकारी रेकॉर्डवरून हद्द कुठे होती ते जमिनीवर दाखवून देणारी सरकारी मोजणी. हे सगळं महाराष्ट्रातल्या शेतजमिनीबद्दल आहे, म्हणजे दोन शेजाऱ्यांमधला बांध आणि त्यावरून होणारी भांडणं. गावठाणातल्या घराच्या भिंतीचा वाद असेल तर कागद वेगळे लागतात (प्रॉपर्टी कार्ड, सिटी सर्व्हेचा नकाशा), पण मोजणीची पद्धत साधारण अशीच असते.

शेजारी दरवर्षी नांगरताना बांध कोरतोय, मी सगळ्यात आधी काय करू?

भांडू नका आणि लगेच अर्जही टाकू नका, आधी एक गोष्ट बघा. तुमची आणि त्याची जमीन दोन वेगळ्या गट नंबरात आहे की एकाच गटात? सातबाऱ्यावर वरच लिहिलेलं असतं. कोकणात बऱ्याच ठिकाणी गट नाही, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर असतो, तिथे हिस्सा वेगळा आहे का ते बघा. यावर पुढचं सगळं ठरतं आणि लोक नेमकं हेच बघत नाहीत, पैसे भरतात, सहा महिने फेऱ्या मारतात आणि मोजणीवाले शेतात येऊन सांगतात की तुमच्या दोघांच्या मधली रेघ नकाशावरच नाहीये.

म्हणजे एकाच गटात असलो तर मोजणी होतच नाही का?

होते, पण हद्द कायम होत नाही. समजा आजोबांचा एक गट होता, तो तिघा भावांनी तोंडी वाटून घेतला, सातबाऱ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे क्षेत्र लागलं, पण मोजणी करून फाळणी कधी झालीच नाही. अशा वेळी सरकारी रेकॉर्डला फक्त गटाची बाहेरची हद्द माहीत असते. आतले बांध तुम्ही घातलेले. मग 'माझ्या चुलतभावाने बांध सरकवला' हे सिद्ध करायला कुठला नकाशा लावणार? तिथे पोटहिस्सा मोजणी, म्हणजे गटातले वाटे वेगळे मोजून नकाशावर आणणारी मोजणी लागते आणि तिला गटातल्या सगळ्या सहधारकांची संमती लागते, ती मिळत नसेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटप किंवा सरळ दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा. पुढचे प्रश्न वेगळे गट किंवा वेगळे मोजलेले हिस्से असलेल्यांसाठी आहेत.

मी मोबाईलवर महाभूनकाशा उघडला तर माझी हद्द शेजाऱ्याच्या विहिरीतून जाताना दिसतेय! हा पुरावा चालेल का?

नाही. आणि तो दाखवून शेजाऱ्याला चिडवूही नका, उद्या खरी मोजणी उलटी निघाली तर पंचाईत. ऑनलाइन नकाशा हा जुना कागदी गाव नकाशा स्कॅन करून बसवलेला आहे. गाव नकाशे बरेचदा १ इंचाला २० साखळ्या अशा मापाचे असतात, साखळी म्हणजे ३३ फूट, म्हणजे कागदावरचा एक इंच हा जमिनीवर ६६० फूट. आता त्या कागदावर शाईची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली तरी ती रेघच शेतात १३ फूट रुंद होते! तुमचं भांडण असतं चार-पाच फुटांचं. त्यात कागद शंभर वर्षांत आक्रसलेला, घडीवर फाटलेला. त्यामुळे तो नकाशा शेत कुठल्या बाजूला आहे, शेजारी कोण, रस्ता कुठून, एवढ्यासाठी उत्तम, पण बांधाचा फैसला त्यावर होत नाही.

मग फैसला कशावर होतो?

टिपणावर. हा कागद बहुतेकांनी आयुष्यात बघितलेला नसतो. मूळ मोजणीच्या वेळी इंग्रजांच्या काळात सर्व्हेवाल्यांनी प्रत्येक शेतात साखळी टाकून जी कच्ची आकृती काढली आणि त्यावर अंतरं लिहिली ते टिपण. आकृती स्केलवर नसते, हाताने काढल्यासारखी असते, पण आकडे मोजलेले असतात आणि तेच महत्त्वाचे. शेताच्या मधून एक सरळ रेघ (पाया) आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांची काटकोनातली अंतरं, असं ते असतं. त्याच आकड्यांवरून क्षेत्र काढलेलं गुणाकार बुकात असतं. पुढे नंबराचे तुकडे पडले असतील तर फाळणीचा नकाशा आणि आकारफोड, म्हणजे तुकड्यागणिक क्षेत्र आणि शेतसारा वाटून दिलेला तक्ता, आणि विखुरलेल्या जमिनी एकत्र करून गट पडले असतील तर एकत्रीकरण योजनेचे कागद.

आकडे साखळी आणि आण्यात असतात. १ साखळी ३३ फूट, तिचे १६ आणे, म्हणजे १ आणा झाला २ फूट पाऊण इंच. गुंठा म्हणजे एक साखळी बाय एक साखळी, ३३ गुणिले ३३, म्हणून १०८९ चौरस फूट. हे एकदा डोक्यात बसलं की टिपण वाचता येतं, काही अवघड नाहीये.

या सगळ्याच्या नकला तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसात अर्ज करून मिळतात. दोन्ही गटांच्या घ्या, फक्त स्वतःच्या नको. का ते खाली उदाहरणात कळेल.

अर्ज कुठे, फी किती, किती दिवस लागतात?

अर्ज उप अधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे, आता ई-मोजणीवरून ऑनलाइन. प्रकार निवडताना 'हद्द कायम' निवडा. ताजा सातबारा, चतुःसीमेचा कच्चा नकाशा, आणि चारही बाजूच्या लगतधारकांची नावं आणि पत्ते. पत्ते नीट द्या, कारण नोटीस त्यांना जाणार आहे आणि चुकीच्या पत्त्याने परत आलेली नोटीस हे पुढे मोजणीवर आक्षेप घ्यायचं सगळ्यात सोपं कारण असतं. शेजारच्या सातबाऱ्यावर पाच नावं असतील तर पाचही द्या, त्यातला एक पुण्यात राहतो म्हणून सोडू नका.

डिसेंबर २०२४ पासून पूर्वीचे साधी, तातडी, अति तातडी वगैरे प्रकार जाऊन नियमित आणि द्रुतगती असे दोनच राहिलेत. ग्रामीण भागात २ हेक्टरपर्यंत नियमितला २००० रुपये आणि द्रुतगतीला ८००० रुपये असा दर ठरला, मुदत नियमितला ९० दिवस, द्रुतगतीला ३० दिवस. ही मुदत कागदावरची आहे, काम जास्त असलेल्या तालुक्यात पुढे जाते. माझं मत विचाराल तर बांधाच्या वादात द्रुतगतीचे जास्तीचे पैसे घालण्यापेक्षा तेवढा वेळ जुन्या नकला काढण्यात घालवा.

तारीख शक्यतो पीक काढल्यावर येईल असं बघा. उभ्या उसात दोन कोपरे एकमेकांना दिसत नाहीत, आणि आता उपग्रहाच्या सिग्नलवर चालणारं रोव्हर यंत्र घेऊन येतात त्यालाही वर मोकळं आभाळ लागतं, दाट आंब्याच्या झाडाखाली त्याला सिग्नल नीट मिळत नाही.

मोजणीच्या दिवशी नक्की काय होतं आणि मी कुठे लक्ष ठेवायचं?

पूर्वी प्लेन टेबलचा फळा आणि साखळी असायची, मग कोन आणि अंतर मोजणारं ईटीएस मशीन आलं, आता बहुतेक ठिकाणी जीएनएसएस रोव्हर. राज्यभर जागा पक्की माहीत असलेली ७७ कॉर्स स्टेशनं आहेत, त्यांच्याकडून रोव्हरला करेक्शन मिळतं आणि काही सेंटिमीटरपर्यंत बिंदू मिळतो. लोकांना वाटतं मशीनच हद्द सांगतं. तसं नाहीये. मशीन फक्त आज जमिनीवर काय आहे ते अचूक मोजतं. हद्द कुठे होती हे जुन्या आकड्यांवरूनच काढायचं असतं, आणि त्यासाठी जमिनीवर असे बिंदू शोधावे लागतात जे जुन्या मोजणीपासून हललेले नाहीत. शिवेचा दगड, तीन नंबर जिथे मिळतात तिथला दगड, जुनी विहीर, जुना पक्का रस्ता.

तुम्ही लक्ष ठेवायचं ते इथे. सर्व्हेअर कुठल्या बिंदूंपासून सुरू करतोय ते विचारा, नम्रपणे पण विचाराच. फक्त तुमच्या बांधाच्या जवळचा एक दगड धरून मोजलं तर त्या मोजणीला काही अर्थ नाही, कारण तोच दगड कोणी हलवलेला असू शकतो. निदान तीन-चार लांबचे बिंदू घेऊन त्यांची आपसातली अंतरं टिपणाशी जुळतात का हे बघायला हवं. रेकॉर्डला १० साखळ्या म्हणजे ३३० फूट आणि जमिनीवर ३२९ आलं तर ठीक, जुन्या साखळीत एवढं इकडे तिकडे असतंच, पण ३१८ आलं तर दोनपैकी एक दगड त्याच्या जागेवर नाही असं समजा आणि तिसऱ्या बिंदूवरून तपासायला सांगा.

वहिवाट दाखवताना तुमचा आजचा बांध जसा आहे तसाच दाखवा, 'खरा बांध इकडे होता' असं म्हणून दुसरीकडे दाखवू नका. वहिवाट आणि रेकॉर्ड यातला फरक हाच तर अतिक्रमणाचा पुरावा आहे, तो तुम्हीच पुसाल. शेवटी जबाब आणि पंचनामा वाचून सही करा. आक्षेप असेल तर तिथेच लिहून द्या.

एखादं उदाहरण आकड्यांसकट सांगा ना.

घ्या. समजा तुमचा गट पश्चिमेला, शेजाऱ्याचा पूर्वेला, मधला बांध उत्तर-दक्षिण, लांबी ६६० फूट. तुमचं म्हणणं त्याने पाच गुंठे खाल्ले.

तुमच्या टिपणात उत्तरेच्या कडेला, वायव्य कोपऱ्याच्या दगडापासून सामाईक बांधापर्यंत ९ साखळ्या ८ आणे आहेत. साडेनऊ गुणिले ३३, म्हणजे ३१३.५ फूट. शेतात मोजलं तर ३०५.५ भरलं. ८ फूट कमी. दक्षिणेच्या कडेला टिपणात ९ साखळ्या, २९७ फूट, आणि जमिनीवरही तेवढंच. म्हणजे बांध दक्षिणेला जागेवर आहे आणि उत्तरेकडे जाता जाता तुमच्यात घुसलाय.

इथे लगेच 'सापडला' म्हणायचं नाही. तुमचा वायव्येचा दगडच आत सरकला असेल तरीही ८ फूट कमीच येणार ना? म्हणून शेजाऱ्याचं टिपण. त्याच्या ईशान्येच्या दगडापासून बांधापर्यंत रेकॉर्डला ११ साखळ्या, ३६३ फूट, जमिनीवर ३७१. त्याच्याकडे बरोबर ८ फूट जास्त. आता दोन्हीची बेरीज करा. रेकॉर्ड ३१३.५ अधिक ३६३ म्हणजे ६७६.५, जमीन ३०५.५ अधिक ३७१ म्हणजे पण ६७६.५. दोन टोकांच्या दगडांमधलं अंतर जुळलं, आणि गटाबाहेरच्या बिंदूंवरूनही ते दगड जागेवर निघाले, तर मधला बांधच हललाय हे पक्कं.

किती जमीन गेली? एका टोकाला ० आणि दुसऱ्या टोकाला ८ फूट असा तो त्रिकोण आहे. ६६० गुणिले ८ भागिले २, म्हणजे २६४० चौरस फूट. भागिले १०८९ केलं की २.४ गुंठे. पाच नाही. उरलेले अडीच गुंठे कुठे गेले? पश्चिमेच्या कडेला मधोमध ओढ्याने काठ खाल्ला होता, तो भाग शेजाऱ्याच्या नावावर खपत होता. हे असं फार वेळा निघतं.

माझ्या सातबाऱ्यावर १ हेक्टर २० आर आहे आणि मोजणीत १ हेक्टर १४ आर भरलं. उरलेले ६ आर शेजाऱ्याकडून मिळतील?

फक्त क्षेत्र कमी भरलं म्हणून नाही. सातबाऱ्यावरचं क्षेत्र हे हिशोबाने काढलेलं असतं, ते हद्द ठरवत नाही, हद्द नकाशा-टिपणावरून ठरते. शेजारी त्याच्या रेषेच्या आत बसलेला असेल तर तुमची कमतरता भरून द्यायला तो बांधील नाही. क्षेत्र कमी यायची कारणं वेगळी असतात, रस्त्यात गेलं, ओढ्यात गेलं, पूर्वीच्या फाळणीत आकडा चुकला, एकत्रीकरणात चुकलं. चूक कागदात असेल तर भूमी अभिलेखकडे दुरुस्तीचं वेगळं प्रकरण चालतं. शेजाऱ्याकडे मागायचा हक्क येतो तो त्याचा ताबा रेषा ओलांडून तुमच्याकडे आला असेल तरच.

आणि हो, आर आणि गुंठा एकच धरू नका. आर १०० चौरस मीटर, गुंठा १०१ पेक्षा थोडा जास्त. एका एकरात ४० गुंठे पण साधारण ४०.४७ आर. एवढ्याशा फरकावरून मोठ्या शेतात दोन-चार आर 'गायब' झाल्याची तक्रार घेऊन येणारे खूप आहेत.

शेजारी नोटीस घेत नाही / शेतात येऊ देत नाही म्हणतो, मग?

नोटीस रीतसर गेली असेल तर तो गैरहजर राहिला म्हणून मोजणी थांबत नाही, त्याच्या गैरहजेरीत होते आणि तसं नोंदवतात. अंगावर येऊन अडवलं तर मात्र सर्व्हेअर त्या दिवशी परत जातो, मग पोलीस बंदोबस्ताची मागणी करायची, त्याची फी तुम्हाला भरावी लागते. पण तो यावा असंच बघा. त्याच्या डोळ्यादेखत दगड-टू-दगड अंतर जुळलेलं त्याने पाहिलं तर निम्मी भांडणं तिथेच संपतात, आणि पाठीमागे झालेली मोजणी कितीही बरोबर असली तरी तो म्हणणारच की पैसे देऊन केली.

'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा मिळाला, पण त्यावर दोन-दोन रेघा आहेत. काय समजायचं?

एक वहिवाटीची, एक रेकॉर्डप्रमाणे हद्दीची. कुठली कोणती हे खाली खुणांच्या टीपेत दिलेलं असतं, ती आधी वाचा. दोन रेघांच्या मधला पट्टा म्हणजे वादाची जागा, त्याचं क्षेत्र आणि कोणाचा ताबा हे लिहिलेलं आहे का बघा, नसेल तर मागा, कारण कोर्टात नेमका हाच आकडा लागतो.

जमिनीवर दाखवलेल्या खुणा तुम्हीच पक्क्या करायच्या. चुना पहिल्या पावसात जातो. दगड चांगला खोल पुरा, आणि प्रत्येक दगडाचं जवळच्या दोन हलणार नाहीत अशा वस्तूंपासूनचं अंतर (विहिरीचा कठडा, विजेचा खांब) वहीत लिहून फोटो काढून ठेवा, म्हणजे उद्या रात्रीतून दगड उपटला तरी दोन टेप लावून जागा परत सापडते. हद्दीच्या खुणा मुद्दाम बिघडवणं हा कलम १४५ खाली दंडाचा विषय आहे.

शेजाऱ्याला मोजणी मान्य नाही. किंवा मलाच मान्य नाही.

निमताना मोजणी मागायची. पहिली मोजणी भूकरमापकाने केलेली असते, निमताना उप अधीक्षक स्वतः तपासतात, त्यावरही नाराजी असेल तर जिल्हा अधीक्षकांकडे, त्याला सुपर निमताना म्हणतात. अर्जात नुसतं 'मोजणी चुकीची आहे' लिहू नका. अमुक बिंदू धरला तो हललेला आहे, तमुक फाळणीचा नकाशा विचारातच घेतला नाही, लगतधारकाला नोटीस नव्हती, असं बोट ठेवून लिहा. फाळणीचा नकाशा न बघता जुन्या गाव नकाशावरून रेघ बसवली गेली असेल तर निमतान्यात खरोखर फरक पडतो. बाकी तेच रेकॉर्ड, तेच बिंदू असतील तर तेच उत्तर येणार.

मोजणी माझ्या बाजूने आली, आता सर्व्हेअर जागा ताब्यात देणार ना?

नाही. सर्वात जास्त गैरसमज इथे आहे. मोजणीवाले रेघ दाखवतात, ताबा देत नाहीत, बांध फोडत नाहीत. तुम्हीही ट्रॅक्टर घालू नका, फौजदारी गुन्हा तुमच्यावर होईल.

रस्ते दोन. एक महसुली: हद्दीचा वाद जमीन महसूल अधिनियमाच्या प्रकरणात दोघांना ऐकून रीतसर ठरवला गेला असेल, तर कलम १३८ खाली बेकायदा ताबा असलेल्याला काढता येतं. नुसती 'क' प्रत जोडून तहसीलदाराकडे अर्ज केला तर तो बऱ्याचदा 'दिवाणी कोर्टात जा' असा निकाली निघतो, कारण मोजणी झाली म्हणजे वाद ऐकून ठरवला असं होत नाही.

दुसरा रस्ता दिवाणी कोर्ट, अतिक्रमण काढून ताबा आणि मनाई हुकूम. तिथे तुम्ही स्वतः अर्ज करून घेतलेली सरकारी मोजणी शेजाऱ्याने नाकारली तर कोर्ट कमिशनर म्हणून भूमी अभिलेखच्या अधिकाऱ्याकडून पुन्हा मोजणी मागता येते, दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २६ नियम ९. सुरुवातीलाच वकिलाला हे सांगा. आणि मोजणी करणाऱ्याची साक्ष लागते, म्हणूनच त्याने कुठले बिंदू धरले हे कागदावर असायला हवं असं वर इतकं सांगितलं.

तो म्हणतो बारा वर्षं झाली, आता जागा माझी.

नुसती बारा वर्षं झाली म्हणून होत नाही. मुदत कायद्यात मालकीच्या आधारे ताबा मागायला १२ वर्षं आहेत आणि ती मोजतात समोरच्याचा ताबा तुमच्या हक्काविरुद्ध झाला तिथपासून. त्याने उघडपणे, सतत, तुमच्या मालकीला नाकारून ताबा ठेवला हे त्याला सिद्ध करावं लागतं. दरवर्षी वीतभर बांध कोरणाऱ्याला नेमकी कुठली पट्टी कधीपासून हे सांगणं जड जातं. पण १०-११ वर्षांपूर्वी कुंपण घातलेलं असेल तर हा लेख वाचत बसू नका, वकील गाठा.

खासगी सर्व्हेअरकडून मोजून घेतलं तर?

अंदाज म्हणून चांगलं आहे, सरकारी अर्जाआधी कळतं की फरक खरंच आहे का. पण त्याचा नकाशा शेजाऱ्यावर बंधनकारक नाही.

फरक निघाला पण आम्हाला कोर्टात जायचं नाहीये, आपसात कसं मिटवायचं?

बांध मूळ रेषेवर न्यायला दोघं तयार असाल तर सोपं आहे. 'क' प्रतीवरचे बिंदू धरून दोघांनी मिळून दगड पुरायचे, सगळ्या सहधारकांच्या आणि दोन लगतधारकांच्या सह्यांचा लेख करायचा, 'क' प्रत त्याला जोडायची. इथे जमीन हस्तांतर होत नाही, जी रेषा होतीच तीच मान्य केली जाते. सातबाऱ्यावर काही बदलत नाही.

पण 'राहू दे तुझ्याकडे, मला पैसे दे' असं ठरलं तर तो व्यवहार झाला, त्याला नोंदणीकृत दस्त लागतो आणि दोन-चार गुंठ्यांना तुकडेबंदी आडवी येऊ शकते, स्टॅम्पपेपरवर लिहून भागत नाही. आणि कधी कधी मोजणीत भलतंच निघतं, की तुमचा अख्खा गट तो कसतोय आणि त्याचा तुम्ही, एकत्रीकरणापासून उलटंच चाललंय. अशी अदलाबदल निदान १२ वर्षांची असेल तर २०२३ मध्ये आलेली सलोखा योजना बघा, त्यात मुद्रांक शुल्क १००० आणि नोंदणी फी १००० रुपये अशा नाममात्र खर्चात दस्त होतो; योजना मुदतीची आहे, आज चालू आहे का ते दुय्यम निबंधकाकडे विचारून मगच दस्ताची तयारी करा.